१.३८, ०.०१३८ की २.५? सूत्राच्या मिती तपासणे आणि स्थिरांकाचे एकक काढणे

सोलापूर जिल्ह्यात विहिरीवरच्या पंपातून प्रत्यक्षात किती पाणी पडते हे मोजायचे असेल, तर त्याची एक साधी आणि स्वस्त पद्धत आहे. पंपाचे पाणी एका हौदात सोडायचे आणि हौदाच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी व्ही आकाराची, ९० अंशांची खाच कापलेला पत्रा उभा बसवायचा. पाणी खाचेतून संथपणे वाहू लागले, की खाचेच्या तळाच्या टोकापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मोजायची. ही उंची अगदी पत्र्याजवळ न मोजता थोडी मागे मोजतात, कारण खाचेजवळ पाण्याचा पृष्ठभाग खाली झुकलेला असतो. या उंचीला H म्हणू या, आणि दर सेकंदाला पडणाऱ्या पाण्याला, म्हणजे विसर्गाला, Q म्हणू या.

पुढचे काम सूत्राचे आहे, आणि अडचण तिथेच येते. एका पुस्तकात हे सूत्र असे सापडते:

Q = १.३८ × H^(५/२)

दुसऱ्या पुस्तकात तेच सूत्र असे असते:

Q = ०.०१३८ × H^(५/२)

आणि जुन्या, फूट-क्युसेकच्या काळातल्या पुस्तकात ते असे दिसते:

Q = २.५ × H^(५/२)

खाच तीच, पाणी तेच आणि घातांकही तोच आहे. आकडा मात्र तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा आहे. यांपैकी कोणते सूत्र बरोबर आहे, असा प्रश्न नवख्या विद्यार्थ्याला पडतो. तिन्ही बरोबर आहेत, आणि ते सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. सूत्राच्या मिती तपासल्या की पुरते.

नियम एकच आहे. दोन राशींची बेरीज, वजाबाकी किंवा बरोबरी करायची असेल, तर त्यांच्या मिती सारख्याच असाव्या लागतात. तीन पोती ज्वारी अधिक दोन तास या बेरजेला जसा अर्थ नाही, तसा लांबी अधिक वेळ या बेरजेलाही नाही. म्हणून सूत्रातील बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंची आणि अधिक-उणे चिन्हांनी जोडलेल्या प्रत्येक पदाची मिती एकसारखी निघाली, तर ते सूत्र मितीच्या दृष्टीने एकजिनसी आहे असे म्हणतात. गुणाकार आणि भागाकाराला मात्र असे बंधन नाही. तिथे मितींचाही गुणाकार किंवा भागाकार होतो, आणि राशीचा घात घेतला तर मितीचाही तोच घात घेतला जातो.

आपल्या उदाहरणाला लांबी L आणि काळ T या दोनच मिती पुरेशा आहेत. वस्तुमान M यांत कुठेच येत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. आकारमान म्हणजे लांबीचा घन, आणि विसर्ग म्हणजे आकारमान भागिले काळ. म्हणून डाव्या बाजूची मिती L³T⁻¹ होते. उजव्या बाजूला H ही लांबी आहे, तेव्हा H^(५/२) ची मिती L^(५/२) होते. दोन्ही बाजू समोरासमोर ठेवल्या, की दोन गोष्टी तत्काळ दिसतात. डावीकडे काळ आहे आणि उजवीकडे तो नाही. शिवाय लांबीचे घातही जुळत नाहीत. म्हणजे १.३८ हा निव्वळ आकडा आहे असे मानले, तर हे सूत्र मितीच्या कसोटीला उतरत नाही.

पण पुस्तकातले सूत्र चुकीचे आहे, असा निष्कर्ष इथे घाईने काढू नये. सूत्र प्रयोगाशी पडताळलेले असताना मितींचा मेळ बसत नसेल, तर उरलेली मिती स्थिरांकाच्या पोटात असते. ती बाहेर काढण्यासाठी स्थिरांकाला C हे नाव द्यावे आणि समीकरण फिरवून C एकटा एका बाजूला आणावा:

C = Q ÷ H^(५/२)

आता C ची मिती म्हणजे L³T⁻¹ भागिले L^(५/२). भागाकारात घातांकांची वजाबाकी होते. लांबीचा घातांक ३ उणे ५/२, म्हणजे १/२ उरतो, आणि काळाचा उणे १ तसाच राहतो. म्हणून C ची मिती L^(१/२)T⁻¹ आहे, आणि मीटर व सेकंद वापरले तर त्याचे एकक ‘मीटरचे वर्गमूळ प्रति सेकंद’ असे होते. मीटरचे वर्गमूळ ही कल्पना पहिल्यांदा विचित्र वाटते, कारण तशी कोणतीही मोजपट्टी मिळत नाही. पण एककाचे काम मोजपट्टी पुरवणे हे नसून हिशेब सांभाळणे हे आहे, आणि ते काम हे एकक चोख बजावते.

ते कसे, हे पाहण्यासाठी पहिल्या सूत्राचा १.३८ घेऊ या. त्यात H मीटरमध्ये आणि Q घनमीटर प्रति सेकंदात आहे, म्हणून C = १.३८ मीटर^(१/२) प्रति सेकंद. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, तेव्हा मीटरचे वर्गमूळ म्हणजे सेंटिमीटरच्या वर्गमूळाच्या १० पट. म्हणून तोच C सेंटिमीटरमध्ये १३.८ सेंटिमीटर^(१/२) प्रति सेकंद होतो. या आकड्याने विसर्ग घनसेंटिमीटर प्रति सेकंदात मिळेल. तो लिटरमध्ये हवा असेल तर १,००० ने भागायचे, कारण एक लिटर म्हणजे १,००० घनसेंटिमीटर, आणि १३.८ भागिले १,००० म्हणजे ०.०१३८. दुसऱ्या पुस्तकातले सूत्र असे पहिल्यातूनच बाहेर पडले. त्यात H सेंटिमीटरमध्ये घालायचा असतो आणि Q लिटर प्रति सेकंदात मिळतो.

तिसऱ्या सूत्रासाठी एक मीटर म्हणजे ३.२८१ फूट एवढेच माहीत असले तरी चालते. ३.२८१ चे वर्गमूळ १.८११ आहे, आणि १.३८ गुणिले १.८११ म्हणजे जवळपास २.५. इथे H फुटांत घालायचा आणि Q घनफूट प्रति सेकंदात, म्हणजे क्युसेकमध्ये, घ्यायचा. उजनीतून नदीत किती पाणी सोडले हे सांगताना पावसाळ्यात वर्तमानपत्रे जो क्युसेक वापरतात, तोच हा क्युसेक. आपल्याकडे तो अजून नामशेष झालेला नाही, त्यामुळे जुन्या सूत्रांशी गाठ पडतच राहते.

खात्रीसाठी एक उंची घेऊन तिन्ही सूत्रे चालवून पाहू. समजा, खाचेवर पाण्याची उंची १२ सेंटिमीटर भरली. सेंटिमीटरच्या सूत्रात १२ चा ५/२ घात म्हणजे १४४ गुणिले १२ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४९८.८, त्याला ०.०१३८ ने गुणल्यावर ६.८८ लिटर प्रति सेकंद येतात. मीटरच्या सूत्रात ०.१२ चा ५/२ घात ०.००४९८८ आहे, आणि १.३८ ने गुणल्यावर ०.००६८८ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे पुन्हा ६.८८ लिटरच येतात. फुटांत ही उंची ०.३९३७ फूट होते, सूत्र ०.२४३ क्युसेक देते, आणि एक क्युसेक म्हणजे २८.३२ लिटर प्रति सेकंद असल्याने उत्तर तेच राहते.

चूक होते ती या तिघांची सरमिसळ केल्यामुळे. १.३८ च्या सूत्रात कोणी १२ हा आकडा तसाच घातला, तर उत्तर ६८८ घनमीटर प्रति सेकंद येईल. हा विसर्ग सुमारे २४ हजार क्युसेक होतो. असे आकडे धरणाच्या सांडव्याला शोभतात, विहिरीवरच्या पंपाला नाहीत, म्हणून ही चूक लगेच पकडली जाते. पण सगळ्याच चुका इतक्या ढोबळ नसतात. कोणी उंची फुटांत मोजली आणि स्थिरांक मात्र २.५ ऐवजी १.३८ घेऊन उत्तर क्युसेक म्हणून लिहिले, तर विसर्ग खऱ्याच्या साधारण निम्मा दिसेल, आणि निम्मा आकडा पाहून कोणाला शंका येत नाही; पंप जुना झाला असेल, अशी समजूत करून घेतली जाते. म्हणून स्थिरांकापुढे त्याचे एकक लिहून ठेवण्याची सवय मला सूत्र पाठ असण्यापेक्षा अधिक उपयोगाची वाटते.

आता एक थोडा अवघड, पण टाळू नये असा मुद्दा. आपण C ला हवी ती मिती दिली आणि सूत्र एकजिनसी करून टाकले. असे तर कोणत्याही चुकीच्या सूत्राचे करता येईल. उद्या कोणी Q = C × H² असे लिहिले, तर C ची मिती LT⁻¹ ठरवून तेही कसोटीवर उतरवता येते. म्हणजे सूत्रात एकच स्थिरांक गुणाकारात असेल आणि त्याची मिती आधी ठाऊक नसेल, तर ही तपासणी सूत्राच्या खरेपणाबद्दल काहीच सांगत नाही. ती फक्त स्थिरांकाचे एकक सांगते. हा फरक अनेक विद्यार्थी विसरतात.

खरी परीक्षा त्यापुढे सुरू होते. काढलेली मिती या घटनेतल्या कोणत्या खऱ्याखुऱ्या राशीतून येऊ शकते, असे विचारायचे. खाचेतून पाणी पडते ते गुरुत्वाकर्षणामुळे. गुरुत्व त्वरण g ची मिती LT⁻² आहे, आणि तिचे वर्गमूळ घेतले तर नेमकी L^(१/२)T⁻¹ मिळते. H² च्या सूत्रासाठी मात्र असा उमेदवार सापडत नाही, कारण LT⁻¹ ही वेगाची मिती आहे आणि g वरून एकट्याने वेग तयार होत नाही. त्याला सोबत एक लांबी लागते. म्हणून गुरुत्वाखाली पडणाऱ्या पाण्यासाठी ५/२ हा घातांक स्वाभाविक ठरतो आणि २ हा संशयास्पद.

पूर्ण सूत्र पाहिले की हा तर्क बरोबर असल्याचे दिसते:

Q = (८/१५) × C_d × √(२g) × tan(θ/२) × H^(५/२)

यात θ हा खाचेचा कोन आहे. ८/१५ हा एकत्रीकरणातून, म्हणजे इंटिग्रेशनमधून, आलेला निव्वळ आकडा आहे. कोनाला मिती नसते, म्हणून tan(θ/२) लाही नसते, आणि ९० अंशांच्या खाचेसाठी त्याची किंमत १ आहे. C_d हा विसर्ग गुणांक प्रत्यक्ष विसर्ग आणि सैद्धांतिक विसर्ग यांचे गुणोत्तर असल्यामुळे तोही मितीहीन आहे. मिती आहे ती फक्त √(२g) ला. g = ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग घेतल्यास √(२g) = ४.४३ मीटर^(१/२) प्रति सेकंद; त्याला ८/१५ ने गुणले तर २.३६ येतात, आणि C_d साधारण ०.५८ ते ०.५९ च्या दरम्यान धरला की १.३८ हातात पडतो. ज्या पुस्तकांत C_d ०.६ धरलेला असतो, तिथे हाच स्थिरांक १.४२ छापलेला दिसतो. १.३८ आणि १.४२ यांतला फरक एककाचा नसून गुणांकाचा आहे, आणि मितींची तपासणी तो कधीच दाखवू शकणार नाही, कारण मितीहीन आकडे तिच्या नजरेत येतच नाहीत. कोणी ८/१५ च्या जागी ८/५ लिहिले, तरी मिती बिनतक्रार जुळतील आणि उत्तर तिप्पट येईल.

अजून एक मर्यादा इथेच दिसते. आयताकृती खाचेचे प्रचलित सूत्र Q = १.८४ × B × H^(३/२) असे आहे, आणि त्यात B ही खाचेची रुंदी आहे. B आणि H दोन्ही लांब्या असल्यामुळे उजवीकडची मिती पुन्हा L^(५/२) होते, आणि १.८४ चे एककही मीटर^(१/२) प्रति सेकंद हेच निघते. म्हणजे त्रिकोणी खाचेला चुकून आयताकृती खाचेचे सूत्र लावले, तर मिती काहीही कुरकुर करणार नाहीत. सारख्या मितीच्या दोन राशींची अदलाबदल या तपासणीला कळत नाही.

आतापर्यंत स्थिरांक गुणाकारात होता. तो बेरजेत असेल, तर काम आणखी सोपे होते. काटेकोर मोजणीसाठी व्ही आकाराच्या खाचेच्या, म्हणजे व्ही-नॉचच्या, सूत्रात H च्या जागी (H + k) लिहितात, आणि k ही पाण्याच्या पृष्ठताणासारख्या परिणामांसाठी केलेली लहानशी दुरुस्ती असते. इथे समीकरण फिरवण्याचीही गरज नाही. k ची बेरीज लांबीशी होते, म्हणून k ही लांबीच असली पाहिजे. ९० अंशांच्या खाचेसाठी ती एक मिलिमीटरपेक्षा थोडी कमी असते. H मीटरमध्ये घातला असेल, तर k देखील मीटरमध्येच घालायचा, ०.८५ हा मिलिमीटरचा आकडा तसाच मिसळला, तर खाचेवर पाऊण मीटरहून अधिक जादा पाणी आहे असे सूत्र समजेल.

तिसरी जागा आहे घातांकाची, आणि तिच्यासाठी विहिरीकडेच परत जावे लागते. पंप बंद केल्यावर विहिरीत पाण्याची पातळी पुन्हा चढू लागते. पाणी मूळ पातळीपेक्षा किती खाली आहे, या अंतराला उतार किंवा s म्हणू. पंप बंद करताना ते s₀ होते. सोप्या गृहीतकानुसार ते असे कमी होत जाते:

s = s₀ × e^(−Kt)

डावीकडे लांबी आहे आणि उजवीकडे s₀ ही लांबीच आहे, म्हणून e चा भाग मितीहीन असला पाहिजे. तसा तो असतोही, कारण e हा आकडा आहे आणि त्याचा घातांकही निव्वळ आकडाच असावा लागतो. घातांक, लॉगरिदम, साइन किंवा कोसाइन यांच्या आत मिती असलेली राशी ठेवता येत नाही. ‘e चा दोन तासांवा घात’ या शब्दांना अर्थच नाही. म्हणून K गुणिले t मितीहीन हवा, t ची मिती T आहे, आणि म्हणून K ची मिती T⁻¹ ठरते. तास वापरले तर K चे एकक ‘प्रति तास’ होते.

पुस्तकांत मात्र याच स्थिरांकाचे एकक बऱ्याचदा ‘घनमीटर प्रति तास, प्रति चौरस मीटर क्षेत्रफळ, प्रति मीटर उतार’ असे लांबलचक लिहिलेले असते. ते पाहून गोंधळू नये. घनमीटर भागिले चौरस मीटर भागिले मीटर म्हणजे लांबीचा घन भागिले लांबीचा घन. ते सगळे कटून जाते आणि फक्त ‘प्रति तास’ उरतो. दोन्ही लेखनांचा अर्थ एकच आहे.

समजा, पंप बंद करताना पाणी मूळ पातळीच्या ४ मीटर खाली होते आणि दोन तासांनी ते २ मीटर खाली आले. s चे s₀ शी गुणोत्तर निम्मे झाले, म्हणून K = (ln २) ÷ २ तास = ०.६९३ ÷ २, म्हणजे सुमारे ०.३५ प्रति तास. लॉगच्या आत २ हा आकडा गेला, मीटर गेले नाहीत, हे पाहून घ्यावे. याच K ला घेऊन कोणी t च्या जागी १२० मिनिटे घातली, तर घातांक उणे ०.७ ऐवजी उणे ४२ होईल आणि विहीर क्षणार्धात भरल्यासारखी दिसेल. मिनिट आणि तास यांची मिती एकच, T, आहे; त्यामुळे नुसत्या मिती तपासणाऱ्याला ही चूक दिसत नाही. ती दिसते आकड्याबरोबर एककही लिहून मिनिट आणि तास एकमेकांना कापत आहेत का हे पाहणाऱ्याला.

विहीर गोल आणि ६ मीटर व्यासाची असेल, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मीटर आहे. पाणी s एवढे खाली असताना विहिरीत येणारा झरा K × क्षेत्रफळ × s इतका असतो, आणि त्याची मिती T⁻¹ × L² × L, म्हणजे विसर्गाचीच, आहे. आपल्या आकड्यांनी तो प्रत्येक मीटर उतारामागे ९.८ घनमीटर प्रति तास येतो. पंपाचा विसर्ग व्ही-नॉचवर ६.८८ लिटर प्रति सेकंद मिळाला होता. त्याला ३,६०० ने गुणून १,००० ने भागले की २४.८ घनमीटर प्रति तास होतात. दोन्हींचा भागाकार सुमारे २.५ येतो, आणि वरची एकके घनमीटर प्रति तास, खालची घनमीटर प्रति तास प्रति मीटर असल्यामुळे तो आपोआप मीटरमध्येच येतो. म्हणजे हा पंप सतत चालवला, तर विहिरीतले पाणी मूळ पातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली जाऊन स्थिरावेल.

सोलापूरच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींना हे सूत्र लावताना मात्र जपून राहावे. खडकात पाणी भेगांतून आणि मुरमाच्या थरांतून येते, आणि एखादी भेग पाण्याच्या वर उघडी पडली किंवा पाण्याखाली गेली, की K बदलतो. त्यासाठी पातळी दर अर्ध्या तासाने मोजून प्रत्येक टप्प्याचा K वेगवेगळा काढावा. सगळ्यांचे एकक ‘प्रति तास’ हेच येईल. आकडे मात्र एकमेकांपासून दूर जाऊ लागले, तर त्या विहिरीला एकच K पुरणार नाही.